कमरेखालचे केस, जिमचा घाम आणि मानेवर न उतरणारा अंबाडा

प्रश्न: ताई, माझे केस कमरेच्या खाली जातात आणि दाट आहेत. सकाळी अंघोळ करून अंबाडा घालून जिमला जाते पण ट्रेडमिलवर दहा मिनिटांत तो मानेवर घसरतो, केस घामाने मानेला चिकटतात, आता पुरळ पण यायला लागलंय. बेंचवर आडवं झालं की अंबाडा टोचतो म्हणून सोडावा लागतो आणि घट्ट बांधला की डोकं दुखतं. केस कापायचे नाहीयेत. नक्की कसे बांधू?

उत्तर:

एकेरीत बोलते, चालेल ना. डोंबिवलीत १९ वर्षं पार्लर चालवतेय, नवरीचे अंबाडे घालण्यात निम्मं आयुष्य गेलं, आणि गुडघा धरायला लागला म्हणून गेली सात वर्षं स्वतः जिमला जातेय, तेही मांडीपर्यंतचे केस घेऊन. त्यामुळे तुझं हे सगळं माझं करून झालंय, टोचणं, घसरणं, मधेच बाथरूममध्ये जाऊन पुन्हा बांधणं, सगळं.

पहिली गोष्ट, तुझा अंबाडा सैल नाहीये, तो चुकीच्या जागी आहे आणि मोकळ्या केसांचा आहे. आपण काय करतो, पोनी बांधतो, मोकळे केस पिळतो, गुंडाळतो आणि वरून रबर मारतो. घरात स्वयंपाक करताना तो तासभर टिकतो कारण डोकं फारसं हलत नाही. ट्रेडमिलवर प्रत्येक पावलाला तो गोळा वरखाली उडतो, पिळलेल्या केसाला उलगडायचंच असतं, एकेक केस शेजारच्या केसावरून सरकतो आणि बघता बघता आतला पीळ सुटतो. मग सगळं वजन खालच्या बाजूला गोळा होतं आणि रबर त्या वजनाने खाली ओढलं जातं. तू रबर आणखी आवळलंस तरी वजन तेवढंच राहतं, फक्त आता ते ओढणं कपाळ आणि कानशिलाच्या केसांच्या मुळांवर येतं. डोकं दुखतं ते म्हणून. म्हणजे घट्ट बांधणं हा उपाय नाहीच, आधी वेणी घालायची आणि मग वेणीचा अंबाडा घालायचा, हा उपाय आहे. वेणीत तीन पेड एकमेकांना अडकून राहतात, त्यामुळे हादऱ्याने सरकायला त्यांना जागाच नसते. आपल्या आज्या रात्री झोपताना वेणी घालायच्या ती उगाच नाही.

आता जागा. हे घरीच करून बघ, उशी न घेता फरशीवर किंवा चटईवर उताणी झोप आणि डोकं जिथे जमिनीला टेकतं तिथे बोट ठेव. बहुतेक बायका नेमका तिथेच अंबाडा घालतात. बेंच प्रेसला, ग्लूट ब्रिजला, क्रंचेसला तोच भाग खाली येतो, मग डोकं पुढे ढकललं जातं, हनुवटी छातीकडे जाते आणि वजन उचलताना मान वाकडी राहते. केस टोचतात ते एकवेळ सहन होईल, मान अवघडली तर आठवडा जातो. तर त्या टेकणाऱ्या जागेपासून आडवी चार बोटं वर सरक. तिथे टाळूच्या जरा मागे तुझ्या अंबाड्याचा पाया आला पाहिजे. अगदी कपाळाजवळ पण नको, कारण मग वाकलीस की, म्हणजे डेडलिफ्टला किंवा रोईंगला, सगळा भार पुढे झुकतो आणि मागचे केस ओढले जातात.

आता बांधायचं कसं ते सावकाश सांगते, कारण मानेवरचे केस सुटतात ते बांधण्याच्या एका चुकीमुळे, आणि ती चूक माझ्या पार्लरमधल्या नव्या मुली पण करतात.

केस कोरडे हवेत. हे मुद्दाम आधी सांगतेय, पुढे परत येते त्यावर. कमरेत वाकून डोकं खाली सोड, सगळे केस पुढे लोंबू देत, आणि मानेच्या अगदी केसरेषेपासून दोन्ही हातांची बोटं घालून केस टाळूकडे आण. कंगवा नको, बोटंच, कारण बोटांना कळतं कुठे बट मागे राहिलीय ते. मूठ टाळूवर आली की तशीच धरून उभी राहा. आणि इथेच सगळ्या जणी लगेच रबर लावतात! तसं करू नकोस. वाकलेली असताना मानेची कातडी ताणलेली असते, उभी राहिलीस की ती सैल होते आणि मानेवर केसांची झोळी तयार होते. तीच झोळी दहा मिनिटांनी घामाने भिजून मानेला चिकटते. म्हणून उभी राहा, मूठ न सोडता मान मागे टाक, छताकडे बघ, आणि दुसऱ्या हाताने मानेपासून वर असे केस सपाट करत ती झोळी मुठीत ओढून घे. आत्ता रबर लाव. मग हनुवटी छातीला टेकवून बघ. मानेवर थोडा ताण वाटेल तो चालेल, पण कळ आली किंवा भुवया वर खेचल्यासारख्या झाल्या तर पायाच्या पुढच्या बाजूला दोन बोटं घालून केस किंचित बाहेर ओढ. खालचे नाही, फक्त वरचे, म्हणजे कानशिलं मोकळी होतात आणि मान तशीच घट्ट राहते.

रबर कुठलं ते महत्त्वाचं. किराणाच्या पुड्यांना लावतात तसलं साधं रबर तर लांबच ठेव, ते केस कापतं. कापडाचं आवरण असलेलं, जाडसर, मधे लोखंडी जोड नसलेलं घे. दाट केसांना दोन वेढे पुरतात. तिसरा वेढा जबरदस्तीने घालायला लागला तर तुझं रबर फार सैल पडलंय, नवं घे. पाया भक्कम आहे की नाही हे ओळखायचं कसं, तर पोनी मुठीत धरून हलकेच डावीउजवीकडे हलव. डोक्याची कातडी सोबत हलली तर ठीक. रबर एकटंच गोल फिरलं तर सैल आहे.

मग पोनीची साधी तीन पेडांची वेणी घाल, शेंड्यापर्यंत, शेवटी एक बारीक रबर. वेणी आवळून घालायची गरज नाही पण मधे ढिली पण नको, सगळीकडे सारखी. आता ती पायाभोवती गुंडाळायची, आणि गुंडाळायची ती चकलीसारखी, भोवऱ्यासारखी नाही. म्हणजे पहिला वेढा रबराला चिकटून आणि डोक्याला टेकून, दुसरा वेढा पहिल्याच्या बाहेरून, तोही डोक्याला टेकून. एकावर एक चढवलं की उंच मनोरा होतो आणि उंच मनोरा जास्त डोलतो, त्याचा झटका सरळ मुळांना लागतो. चपटी चकली डोक्याबरोबर हलते. तुझ्या लांबीला अडीच ते तीन वेढे होतील, शेंडा शेवटच्या वेढ्याखाली खुपस आणि वरून एक मोठी सुती स्क्रंची एकाच वेढ्याने बसव. ही स्क्रंची वजन पेलायला नाहीये, ती फक्त चकली पसरू नये म्हणून आहे.

आकडे, म्हणजे यू पिना, लावायच्या असतील तर चार बास. पण नुसते खुपसू नकोस. आकड्याची टोकं बाहेरच्या दिशेला करून वेणीची कड आणि डोक्यावरचे थोडे केस असे दोन्ही उचलून घे, मग आकडा उलटा फिरव आणि पायाच्या दिशेला आत सरकव. असा लावलेला आकडा उड्या मारल्या तरी निघत नाही, सरळ खुपसलेला पाच मिनिटांत लोंबायला लागतो. आणि बेंचचा दिवस असेल त्या दिवशी अंबाड्याच्या मागच्या बाजूला आकडा लावायचा नाही, पुढे आणि बाजूलाच.

क्लचर लावून आडवं व्हायचं नाही, अजिबात. माझा एक क्लचर बेंचवर डोक्याखाली मोडला होता आणि त्याचा दात डोक्यात घुसला, हातात वजन असल्यामुळे लगेच उठता पण येईना. जिममध्ये जाईपर्यंत लावायला ठीक आहे, आत गेलं की काढायचा.

एवढं केलं तरी मानेच्या मधोमध आणि कानामागे बोटभर लांबीचे केस राहतातच. ते टाळूपर्यंत पोचतच नाहीत, त्यांना कितीही ओढलं तरी काय उपयोग. काही नवीन उगवणारे असतात, काही कॉलरला आणि ओढणीला घासून तुटलेले असतात, आणि मानेवर केसांची दिशा पण सरळ नसते, काहींना तिथे भोवराच असतो. त्यांच्यासाठी वेगळा इलाज. कोरफडीचं जेल वाटाण्याएवढं दोन बोटांवर घे, चोळून पातळ कर आणि जुन्या मऊ टूथब्रशने मानेपासून वर असं सपाट बसव. जास्त घेतलंस तर घामात विरघळून पाठीवर उतरेल आणि चिकचिक होईल. ज्या बटा तीन चार बोटं लांब आहेत त्यांना दोन टिकटॅक पिना फुलीसारख्या एकमेकींवर लाव, एकच पिन लावली तर घामाने घसरते.

आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट, सुती रुमाल. मोठा चौकोनी रुमाल कोपऱ्याला कोपरा लावून तिरका दुमड, तीन बोटं रुंद पट्टी होईपर्यंत घडी घाल, पट्टीचा मधला भाग मानेच्या केसरेषेवर ठेव आणि दोन्ही टोकं कानामागून वर आणून अंबाड्याच्या पुढे गाठ मार. तिरकाच दुमडायचा, कारण तसा कापड थोडा ताणतो आणि डोक्याला बसतो, सरळ घडी घातली की सरकतो. याने दोन कामं होतात, बारीक केस दाबले जातात आणि डोक्यातून मानेकडे वाहणारा घाम तिथेच टिपला जातो. तुझं पुरळ केसांमुळे आहेच पण नुसत्या केसांमुळे नाही, घाम वाहून तिथे साचतो आणि त्यावर ओले केस घासतात, त्यातून ते होतं.

पुरळावरून एक विचारायचं राहिलं, आदल्या रात्री डोक्याला तेल लावून सकाळी तशीच जिमला जातेस का? खूप जणी जातात, नाहीतरी नंतर धुवायचेच आहेत म्हणून. ते तेल घामाबरोबर मानेवर, कपाळावर, पाठीवर उतरतं आणि तिथली छिद्रं बुजतात, मग पुळ्या. तेल लावायचं तर सुट्टीच्या दिवशी, धुवायच्या आधी तास दोन तास. आणि मानेवरच्या फोडांत पू दिसत असेल, दुखत असतील किंवा केस वर बांधून दोन आठवड्यांत काही फरक नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, पार्लरवालीला नको.

आता तो ओल्या केसांचा मुद्दा. तू अंघोळ करून जातेस म्हणालीस म्हणून सांगते. माझ्याकडे एक मुलगी येते, आयटीत आहे, केस तुझ्यासारखेच कमरेखाली, पहाटे साडेपाचला केस धुऊन, टॉवेलने पुसून, ओलेच घट्ट बांधून सहाची बॅच गाठायची. तक्रार अशी की निघताना बरोबर वाटतं आणि अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागतात, आणि तरीही अंबाडा खाली आलेला असतो. दोन्ही एकदम कसं होईल असं तिला वाटायचं. तर ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणतो आणि कमजोर पण असतो. तू तो ताणून बांधतेस, मग वाळताना तो आखडतो आणि मुळाला ओढतो. आणि नुकताच कंडिशनर लावलेला केस इतका बुळबुळीत असतो की मधली मोकळी केसं सरकतात. म्हणजे कडेला ताण आणि मधे सैल. तिच्या कानशिलावर मी बोट फिरवलं तर एक एक सेंटीमीटरचे तुटके केस उभे होते आणि मुळाशी बारीक पुटकुळ्या.

तिला मी तीन बदल सांगितले. केस धुणं सकाळऐवजी जिमनंतर, आणि रोज नाही, एक दिवसाआड. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी केसाला थोडी पकड असते, बांधायला तोच दिवस सगळ्यात चांगला. दुसरं, अंबाड्याची जागा टेकायच्या ठिकाणापासून वर, वेणी घालून, वर लिहिलंय तसं. तिसरं, पायांच्या व्यायामाच्या दिवशी अंबाडा नाहीच, दोन वेण्या. पहिल्या आठवड्यात तिला बांधायला बारा मिनिटं लागायची आणि ती वैतागली होती, नंतर पाच मिनिटांवर आली. ठणका आठवडाभरातच गेला. तुटके केस मात्र वाढायला वेळ घेतातच, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे ते अंबाड्यात यायला वर्ष दीड वर्ष जाणार हे तिला आधीच सांगून ठेवलं. तुझ्या कानशिलावर किंवा कपाळाच्या कडेला असे तुटके केस, पुटकुळ्या किंवा रेषा मागे गेल्यासारखी दिसली तर घट्ट बांधणं त्याच दिवशी थांबव. सुरुवातीला थांबवलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर ती मुळं कायमची जातात, मग कुठलंही तेल काही करू शकत नाही.

दोन वेण्या का ते सांगते. बॅक स्क्वॉटला बार मानेच्या खाली खांद्याच्या मांसावर बसतो. एकदा मी घाईत मागे एकच लांब वेणी सोडून गेले होते, बारखाली शिरले, वेणी बार आणि पाठीच्या मधे दाबली गेली हे कळलंच नाही, बार उचलून खाली बसताना मान पुढे घेतली आणि डोकं मागे असं खेचलं गेलं की डोळ्यात पाणी. वजन कमी होतं म्हणून निभावलं. केबल मशीनपाशी तर लोंबती वेणी अजून वाईट, वजनाच्या प्लेटा वरखाली होतात त्या फटीत केस गेला तर काय होईल विचार कर. त्यामुळे शेपटा मागे सोडायचा नाही, कुठल्याच दिवशी.

दोन वेण्यांसाठी मधोमध कपाळापासून मानेपर्यंत भांग पाड, दोन्ही बाजूंना सागरवेणी घाल, कपाळापासून सुरू करून मागे. मानेपाशी आलीस की मान मागे टाकायची युक्ती इथेही करायची आणि खालच्या बटा वर ओढून वेणीत घ्यायच्या, खाली सोडत गुंफत गेलीस तर परत झोळी. पुढे उरलेले दोन शेपटे एकमेकांवरून उलट बाजूला डोक्यावर न्यायचे, म्हणजे डावा उजव्या कानामागून वर, उजवा डाव्या कानामागून, आणि टाळूवर मुकुटासारखे आकड्यांनी बसवायचे. शाळेत आपण लाल रिबिनी बांधून वेण्या वर दुमडायचो त्याची ही मोठ्यांची आवृत्ती समज. तुझी लांबी आहे म्हणून हे जमेल, खांद्यापर्यंतच्या केसांना नाही जमत. यात वजन दोन ठिकाणी वाटलं जातं म्हणून डोकं कमी दुखतं, मागे टेकायच्या जागी काही नसतं म्हणून बेंच पण आरामात होतो. कमी इतकीच की स्वतःची स्वतः घालायला हात भरून येतात, खांद्यांचा व्यायाम जिमला जायच्या आधीच होतो. आईला किंवा रूममेटला धर. आणि रोज हीच घालू नको, दोन तीन दिवस चकली, दोन दिवस ही, म्हणजे त्याच मुळांवर रोज ताण येत नाही.

जिम झाल्यावर पहिलं काम केस सोडणं. घामाने ओला अंबाडा तसाच ठेवून ऑफिसला गेलीस तर आतला भाग संध्याकाळपर्यंत वाळत नाही, वास येतो, खाज येते. आकडे काढ, वेणी उलगड, बोटांनी मुळं मोकळी कर आणि पंख्याखाली दहा मिनिटं उभी राहा, ड्रायर असेल तर थंड हवेवर फक्त मुळांना. ओल्यात कंगवा नको. धुवायचा दिवस नसेल तर मानेवरून आणि कानामागून ओला पंचा फिरव, पुरतं. वाळल्याशिवाय परत बांधायचे नाहीत, अगदीच लोकलला उशीर होत असेल तर खांद्यावर सैल वेणी सोड आणि ट्रेनमध्ये वाळू दे.

आणि रुमाल न् स्क्रंची रोज धुवायला टाक. दोन जोड ठेव, एक दोरीवर एक डोक्यावर. जिमच्या बॅगेत ओली कोंबलेली स्क्रंची दुसऱ्या दिवशी परत घातलीस तर मानेवरचं पुरळ जायचं नाव घेणार नाही.